पास घरी राहिला आणि तिकीट काढलेच नाही

दादर ते छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस हे अंतर नऊ किलोमीटरचे आहे आणि लोकलच्या दुसऱ्या वर्गाचे भाडे पाच रुपये. टर्मिनसच्या फलाटाच्या टोकाशी टीसीने सकाळी दोघांना बाजूला घेतले आहे अशी कल्पना करू. पहिल्याने तिकीट काढलेच नव्हते. तो रोजच काढत नाही आणि आज सापडला. दुसऱ्याकडे त्याच मार्गाचा महिन्याचा पास आहे, पण तो काल घातलेल्या शर्टाच्या खिशात घरी राहिला. टीसी दोघांच्याही नावे पाच रुपये भाडे आणि अडीचशे रुपये दंड अशी दोनशे पंचावन्न रुपयांची पावती फाडतो. टीसीचे काहीही चुकलेले नाही, कारण रेल्वे अधिनियम, १९८९ त्याला हेच करायला सांगतो. मात्र कायद्याने या दोघांना एकाच मापात घालावे का, हा प्रश्न विचारण्याजोगा आहे, आणि तिकिटांचे हिशेब संगणकात राहू लागल्यापासून त्याचे उत्तर बदलायला हवे असे माझे मत आहे.

आधी कायदा नेमके काय म्हणतो ते पाहू, कारण लोकांच्या बोलण्यात 'विनातिकीट' या एकाच शब्दात दोन वेगळ्या गोष्टी मिसळलेल्या असतात. अधिनियमाचे कलम १३७ फसवणुकीबद्दल आहे. रेल्वेचे भाडे बुडवण्याच्या हेतूने जो गाडीत चढतो, किंवा एकदा वापरून झालेले तिकीट पुन्हा वापरतो, तो गुन्हेगार ठरतो आणि त्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. विशेष कारण नसेल तर हा दंड पाचशे रुपयांहून कमी असू नये असेही तिथे लिहिले आहे. ही शिक्षा न्यायालय देते. टीसी ती देऊ शकत नाही. कलम १३८ मात्र हेतूची चौकशीच करत नाही. गाडीत असलेल्या किंवा गाडीतून उतरलेल्या प्रवाशाने मागणी होताच तिकीट किंवा पास दाखवला नाही, एवढेच त्यासाठी पुरेसे आहे. त्याने का दाखवला नाही, हरवला, विसरला, भिजला की काढलाच नव्हता, हे या कलमाच्या दृष्टीने सारखेच. तो प्रवासाचे भाडे आणि त्याशिवाय जादा आकार देण्यास बांधील होतो, आणि हा आकार भाड्याइतका किंवा अडीचशे रुपये, यांपैकी जो अधिक असेल तो. आपण ज्याला सरसकट 'दंड' म्हणतो तो बहुतेक वेळा हा जादा आकार असतो. तो भरला की माणूस गुन्हेगार ठरत नाही, आणि पावतीवर लिहिलेल्या स्थानकापर्यंत ती पावतीच त्याचे तिकीट होते.

'जो अधिक असेल तो' या शब्दांमुळे लहान आणि मोठ्या प्रवासाचे गणित फार वेगळे होते. पाच रुपयांच्या प्रवासावर अडीचशे म्हणजे भाड्याच्या पन्नास पट. पाचशे रुपयांच्या प्रवासावर पाचशे, म्हणजे भाड्याइतकेच. उपनगरी प्रवाशाला ही शिक्षा जबर वाटते आणि लांब पल्ल्याच्या प्रवाशाला ती दामदुप्पट तिकिटासारखी भासते. त्यात आणखी एक तरतूद आहे, जी पावती हातात पडेपर्यंत पुष्कळांना ठाऊक नसते. प्रवासी कुठे चढला याबद्दल शंका असेल, तर गाडी जिथून सुटली त्या स्थानकापासूनचे भाडे लावता येते. वाटेत तिकीट तपासणी झाली असेल तर शेवटची तपासणी जिथे झाली तिथपासूनचे. कसाऱ्याहून आलेल्या लोकलमध्ये ठाण्याला चढलेल्या माणसाकडे ठाण्याला चढल्याचा कोणताही पुरावा नसेल, तर भाडे कसाऱ्यापासूनचे लागू शकते.

'प्लॅटफॉर्म तिकीट असेल तर गाडीत चढता येते, मग फक्त भाडे भरायचे' हा जो संदेश मोबाइलवर अधूनमधून फिरत असतो, त्याचा उगम बहुधा याच तरतुदीत असावा. प्लॅटफॉर्म तिकिटाने तुम्ही कुठून चढलात हे सिद्ध होते, म्हणून भाडे त्या स्थानकापासून मोजले जाते. जादा आकार मात्र त्याने टळत नाही. तो टाळण्याची खरी वाट कलम ५५ मध्ये आहे. तिकीट काढायला वेळच मिळाला नाही अशा प्रवाशाने चढण्यापूर्वी अधिकृत रेल्वे कर्मचाऱ्याची परवानगी घ्यावी आणि पुढे भाडे भरण्याच्या अटीवर प्रवास करू दिल्याचा दाखला मागावा. पूर्वी लोक याला गार्डचा दाखला म्हणत. हा दाखला जवळ असेल तर जादा आकार लागत नाही, भाडे तेवढे भरावे लागते. गर्दीच्या वेळी लोकलमध्ये या तरतुदीचा कुणाला उपयोग होत असेल असे मला वाटत नाही, पण लहान स्थानकावर, खिडकी बंद असताना, ती कामाची आहे.

पैसे दिलेच नाहीत तर काय होते, हेही सांगायला हवे. टीसीला पैसे हिसकावून घेण्याचा किंवा शिक्षा करण्याचा अधिकार नाही. तो रेल्वे सुरक्षा दलाची मदत घेऊन प्रवाशाला दंडाधिकाऱ्यांपुढे नेण्याची व्यवस्था करू शकतो. दंडाधिकारी ती रक्कम दंडाप्रमाणे वसूल करण्याचा आदेश देतात, आणि ती न भरल्यास किमान दहा दिवस ते कमाल एक महिना कैद सुनावू शकतात. ज्याची चूक विसरण्याची होती, त्याचीही हुज्जत घालता घालता अडीचशे रुपयांची बाब इथपर्यंत जाऊ शकते, म्हणून फलाटावर भांडण्यात अर्थ नसतो. याशिवाय कलम १३९ प्रमाणे पैसे न देणाऱ्याला गाडीतून उतरवता येते. सोबत पुरुष नसलेली स्त्री किंवा एकटे मूल यांना मात्र फक्त दिवसा उतरवता येते, आणि तेही जिथून ते चढले ते स्थानक, जंक्शन, शेवटचे स्थानक किंवा जिल्ह्याचे मुख्य ठिकाण अशाच जागी. या तरतुदीचाही समाजमाध्यमांवर अर्धाच अर्थ फिरतो. तिने स्त्रीला आडवाटेच्या स्थानकावर रात्री उतरवण्यापासून संरक्षण दिले आहे. भाड्यापासून आणि जादा आकारापासून नाही.

आता मूळ प्रश्नाकडे येतो. कलम १३८ हेतू विचारत नाही, याला चांगले कारण होते, आणि ते कारण अनारक्षित तिकिटाच्या बाबतीत आजही तसेच आहे. खिडकीवर पाच रुपये देऊन घेतलेल्या कागदावर कुणाचेही नाव नसते. ज्याच्या हातात ते तिकीट, तो त्याचा धनी. ते हरवले तर नोट हरवल्यासारखेच आहे, आणि 'माझे तिकीट पडले हो' हे खरे सांगणाऱ्या आणि खोटे सांगणाऱ्या माणसांत फरक करण्याचे कोणतेही साधन टीसीकडे नसते. त्याने चेहरा पाहून निवाडा करू लागावे, अशी माझी मुळीच इच्छा नाही. चांगले कपडे घातलेला, इंग्रजी बोलणारा माणूस 'विसरलो' म्हणून सुटेल आणि डोक्यावर पाटी घेतलेली बाई पावती घेऊन जाईल, हे त्या सवलतीचे पहिल्याच आठवड्यातले फळ असेल. म्हणून अनारक्षित एकेरी तिकिटाला दुय्यम प्रत मिळत नाही, परतावा मिळत नाही, आणि ते हरवलेला प्रवासी विनातिकीट मानला जातो, हे मला मान्य आहे. असे तिकीट हरवल्याचे वाटेत लक्षात आले, तर शहाणपणाचा मार्ग एकच: पुढच्या स्थानकावर उतरावे, तिथे कुणी मागितलेच तर पैसे भरून पावती घ्यावी, नाहीतर नवे तिकीट काढावे. पाच किंवा दहा रुपयांसाठी टर्मिनसचा फलाट गाठण्याचा धोका पत्करू नये.

नावावर दिलेल्या तिकिटाची गोष्ट निराळी आहे, आणि रेल्वेने स्वतःच ते एका ठिकाणी मान्य केलेले आहे. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या एका प्रवाशाने खिडकीवरून स्लीपर वर्गाचे आरक्षित तिकीट काढले, भाडे सोयीसाठी पाचशे रुपये धरू, आणि ते हरवले. आरक्षण तक्ता लागण्यापूर्वी त्याच्या लक्षात आले, तर त्याने ओळखपत्र घेऊन आरक्षण कार्यालयात जावे, पीएनआर क्रमांकासह अर्ज करावा आणि पन्नास रुपये भरून दुय्यम तिकीट घ्यावे; वातानुकूलित आणि वरच्या वर्गांसाठी ही रक्कम शंभर रुपये आहे. पीएनआर आठवत नसेल तर आरक्षणाच्या वेळी दिलेल्या मोबाइल क्रमांकावर आलेला संदेश शोधावा. तक्ता लागल्यानंतर लक्षात आले, तर निश्चित झालेल्या तिकिटाच्या दुय्यम प्रतीला निम्मे भाडे पडते, म्हणजे अडीचशे रुपये. आरएसी तिकीट हरवले असेल तर तक्ता लागल्यानंतर दुय्यम प्रत मिळतच नाही. आणि यातले काहीही न करता तो 'तक्त्यात माझे नाव आहे ना' या भरवशावर गाडीत बसला, तर कागद नाही म्हणून त्याला पाचशे रुपये भाडे आणि तेवढाच जादा आकार मिळून हजार रुपये भरावे लागू शकतात. हरवलेला कागद एकच, पण तो हरवल्याचे केव्हा कळले यावरून त्याची किंमत पन्नास, अडीचशे किंवा हजार होते. मूळ तिकीट नंतर सापडले आणि गाडी सुटण्यापूर्वी दोन्ही तिकिटे दाखवली, तर दुय्यम प्रतीचे पैसे पाच टक्के, पण किमान वीस रुपये, कापून परत मिळतात. म्हणजे पन्नासातले तीस आणि अडीचशेतले दोनशे तीस. ही गोष्ट खिडकीवर कुणी आपणहून सांगेल अशी अपेक्षा ठेवू नये.

या व्यवस्थेत मला दोन दोष दिसतात. पहिला असा की स्वस्त पर्यायाची मुदत तक्त्याशी बांधलेली आहे, आणि तक्ता लागण्याची वेळ प्रवाशांच्या सोयीसाठी म्हणून अलीकडे आणली गेली. पूर्वी गाडी सुटण्याच्या चार तास आधी लागणारा तक्ता २०२५ मध्ये आठ तास आधी लावण्याचे धोरण आले. प्रतीक्षा यादीतल्या प्रवाशाला त्याने दिलासा मिळाला, यात शंका नाही. पण माणसाला तिकीट सापडत नाही हे बहुधा पिशवी भरताना, निघायच्या गडबडीत कळते, आणि तोवर पन्नास रुपयांची मुदत आता संपून गेलेली असते. दुसरा दोष निम्म्या भाड्याचा. तक्ता लागल्यानंतर जागा त्याच नावावर आहे, ओळखपत्र समोर आहे, आणि हरवलेल्या कागदावर कुणी परतावा घेतला आहे की नाही हे खिडकीतल्या संगणकाला दिसते. मग अडीचशे रुपये नेमक्या कोणत्या नुकसानीची भरपाई करतात? ऑनलाइन काढलेल्या तिकिटाच्या बाबतीत हा प्रश्नच संपला आहे: तपासनीसाच्या हातातल्या यंत्रात नाव असते, प्रवाशाने मूळ ओळखपत्र दाखवायचे असते, आणि छापील कागदावर काही अडत नाही. तिथे हरवू नये अशी वस्तू तिकीट नसून ओळखपत्र आहे. ते नसेल तर मात्र आरक्षण असूनही प्रवासी विनातिकीट ठरतो. त्याच गाडीतल्या, त्याच डब्यातल्या दोन प्रवाशांपैकी जो खिडकीवर रांगेत उभा राहिला, त्यालाच कागदाची सगळी जोखीम उचलावी लागते.

आता लोकलच्या पासाकडे वळू, कारण अन्याय तिथे रोज होतो आणि रक्कम लहान असल्याने त्याची चर्चा होत नाही. पास नावावर असतो. त्यावर ओळखपत्राचा क्रमांक असतो, वर्ग, मार्ग, मुदत आणि तो काढल्याची तारीख असते, आणि हे सारे रेल्वेच्या संगणकात नोंदलेले असते. तो दुसऱ्याला वापरायला देणे हा कायद्याने वेगळा गुन्हा आहे. म्हणजे पास ही अनामिक नोट नाही. एका विशिष्ट माणसाने भाडे आगाऊ भरल्याची ती पावती आहे. तो जवळ नसलेल्या माणसाने रेल्वेचा एक रुपयाही बुडवलेला नसतो. त्याने मोडला आहे तो पुरावा सोबत ठेवण्याचा नियम. त्या नियमाला किंमत असावी, कारण प्रत्येक विसराळू माणसामागे तपासनीसाचा वेळ जातो. पण ती किंमत भाडे बुडवण्याच्या किमतीइतकी असू नये.

जर्मनीत शिकायला किंवा नोकरीला गेलेल्या मराठी मुलांना हा फरक पहिल्या वर्षातच कळतो. तिथे शहरी गाडीत तिकीट नसेल तर साठ युरो भरावे लागतात आणि त्यात कारणे ऐकली जात नाहीत. पण ज्याच्याकडे त्या वेळी स्वतःच्या नावाचा वैध पास होता, त्याने एका आठवड्याच्या आत तो कार्यालयात दाखवला, तर साठाचे सात युरो होतात. जर्मनांना विनातिकीट प्रवासाबद्दल मऊ म्हणता येणार नाही. मुद्दाम फुकट प्रवास करणे तिथे तुरुंगवासापर्यंत जाणारा गुन्हा आहे. तरीही नसलेला पास आणि विसरलेला पास यांत त्यांनी फरक केला, कारण नावावरच्या पासाच्या बाबतीत तो फरक नंतर कागदावर तपासता येतो.

आपल्याकडे असे केले तर लोक पावती मिळाल्यावर धावत जाऊन पास काढतील, हा आक्षेप लगेच येतो. त्याचे उत्तर पासावरच छापलेले आहे. पास केव्हा दिला गेला याची नोंद असते आणि पावतीवर तपासणीची वेळ असते. पास आधीचा असेल तरच सवलत द्यावी. दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. शेजाऱ्याने आपला पास माझा म्हणून दाखवला तर? पण पावतीवर नाव आणि ओळखपत्राचा क्रमांक लिहून घेतला, तर पास त्याच नावाचा आहे की नाही हे खिडकीवरचा कारकून अर्ध्या मिनिटात सांगू शकेल. ही सवलत वर्षातून एक-दोनदाच मिळावी, आणि ती टीसीच्या हाती नसावी. त्याने फलाटावर आजच्यासारखीच पूर्ण रकमेची पावती फाडावी. सूट नंतर, पुरावा पाहून, कार्यालयाने द्यावी. त्यामुळे फलाटावर गयावया करण्याला आणि चेहरा पाहून सोडण्याला वाव राहणार नाही. कायद्यात बदल न करता हे जमेल असे मला वाटत नाही, कारण कलम १३८ मध्ये 'मागणी होताच' असे शब्द आहेत आणि नंतर दाखवलेल्या पासाला त्यात जागा नाही.

दंड सरसकट वाढवावा, असे काही जण सुचवतात. त्यामागचे गणित समजण्यासारखे आहे. दहा किलोमीटरपर्यंतच्या दुसऱ्या वर्गाचा महिन्याचा पास शंभर रुपयांना मिळतो. दादर-टर्मिनस मार्गावर पास न काढणारा माणूस दरमहा शंभर रुपये वाचवतो आणि एकदा सापडला की दोनशे पंचावन्न घालवतो. अडीच महिन्यांतून एकदापेक्षा कमी वेळा सापडला तर तो नफ्यात राहतो. पण हे गणित दंडाच्या आकड्याइतकेच पकडले जाण्याच्या शक्यतेवर अवलंबून आहे. दंड हजार केला आणि तपासणी तेवढीच ठेवली, तर सराईत माणूस तपासणीच्या वेळा आणि पूल टाळायला आणखी थोडे शिकेल, आणि त्या हजाराखाली सापडेल तो पास विसरलेला माणूस, कारण आपण चुकलो आहोत हे ठाऊक नसल्याने तो टीसीसमोरून सरळ चालत येतो. सर्व दरवाजे एकाच वेळी अडवून केलेली तपासणी, जिला रेल्वेतले लोक किल्लेबंदी म्हणतात, ती सराईताला खरी अडचणीची असते. दंड वाढवायचाच असेल तर दुसऱ्यांदा सापडणाऱ्याचा वाढवावा.

तोवर पास विसरलेल्याने काय करावे? पैसे भरावेत, पावती घेतल्याशिवाय हलू नये, आणि पावतीवरचे स्थानक, वर्ग आणि रक्कम तिथेच वाचावी. पावतीशिवाय निम्म्यात मिटवण्याचा प्रस्ताव कुणाहीकडून आला तरी नाकारावा. त्यात लाच देण्याचा दोष आहेच, शिवाय पुढच्या जिन्यावर दुसरा टीसी उभा असेल तर हातात काहीच नसते. भाडे चुकीच्या स्थानकापासून लावले असेल, तर टीसीच्या छातीवरच्या बिल्ल्यावरचे नाव टिपून १३९ क्रमांकावर किंवा रेल मदद या सेवेवर पावतीसह तक्रार करावी. पासाचे छायाचित्र मोबाइलमध्ये ठेवण्याची सवय पुष्कळांना असते, पण टीसीने ते पास म्हणून मानावे असा आग्रह धरता येत नाही. मोबाइलवर काढलेल्या तिकिटाचेही तेच. ते अ‍ॅप उघडून त्यातच दाखवावे लागते, पडद्याचा फोटो चालत नाही, आणि बॅटरी संपली तर तिकीट असून नसल्यासारखे होते.

पास घरी राहिला असेल तर निदान संध्याकाळी तो सापडतो. तो खरोखर हरवला, तर दुय्यम प्रत मिळत नाही आणि परतावाही नाही. तीन महिन्यांचा पास पाचव्या दिवशी गर्दीत पडला तरी उरलेल्या दिवसांसाठी पुन्हा पूर्ण पैसे भरून नवा काढावा लागतो. तो ज्याला सापडेल, त्याचे ओळखपत्र वेगळे असल्याने कायद्याने तोही तो वापरू शकत नाही. म्हणजे भरलेल्या भाड्याच्या बदल्यात कुणीच प्रवास करत नाही, आणि ते पैसे रेल्वेकडे राहतात. पुणे-नागपूरच्या तिकिटाला पन्नास रुपयांत दुय्यम प्रत देणारी खिडकी बहुतेक मोठ्या स्थानकांवर पासाच्या खिडकीपासून काही पावलांवरच असते.